मंगलाष्टकांनंतरचा गजर आणि स्वमग्न मूल

शेवटचे मंगलाष्टक संपते, अंतरपाट खाली येतो आणि त्याच क्षणी वाजंत्री, ताशा, टाळ्या, अक्षतांचा वर्षाव आणि छायाचित्रकारांचे दिवे असे सगळे एकदम सुरू होते. आधीची दहा-पंधरा मिनिटे सभागृह बऱ्यापैकी शांत असते, सगळ्यांचे लक्ष एकाच सुरावर असते. म्हणूनच हा गजर अंगावर येतो. जमलेल्या शेकडो लोकांसाठी तो आनंदाचा क्षण असतो. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या अनेक मुलांसाठी तो दिवसातला सर्वात कठीण क्षण ठरतो.

अशा मुलाला लग्नाला न्यायचे की नाही, हा प्रश्न घरोघरी पडतो. एक तर मूल आणि आई दोघेही घरी राहतात, नाहीतर ‘बघू, होईल सवय’ म्हणून त्याला नेले जाते आणि तासाभरात रडारड, धावपळ, नातेवाइकांचे सल्ले असे सगळे घडते. या दोन्हींच्या मधला एक मार्ग आहे. त्यासाठी मुलाला नेमके काय सोसत नाही हे आधी समजून घ्यावे लागते आणि लग्नाच्या दिवसातले थोडे बदल आधी ठरवावे लागतात.

त्रास कशाचा होतो?

आवाज, स्पर्श, वास, उजेड यांना नेहमीपेक्षा जास्त किंवा कमी प्रतिसाद देणे हे ऑटिझमच्या निदानाच्या निकषांमध्ये २०१३ पासून स्पष्टपणे समाविष्ट आहे. हा हट्ट नाही आणि लाडाचा परिणामही नाही. अशा मुलांच्या कानाची तपासणी केली तर बहुतेकदा श्रवणशक्ती सर्वसाधारण आढळते. फरक असतो तो कानातून आलेल्या माहितीची मेंदूत होणारी निवड आणि तिची तीव्रता यांत. आपण शेजारच्या माणसाशी बोलत असताना मागचा पंखा, भांड्यांचा आवाज, ध्वनिक्षेपक हे सारे मेंदू आपोआप मागे ढकलतो. या मुलांच्या मेंदूला ते तितके सहज जमत नाही. सगळेच आवाज एकाच पातळीवर येऊन आदळतात.

दुसरी गोष्ट सवयीची. त्रासदायक आवाज वारंवार आला की बहुतेकांच्या मेंदूचा प्रतिसाद हळूहळू मंदावतो. स्वमग्न मुलांमध्ये हे मंदावणे अनेकदा उशिरा होते, काहींमध्ये जवळपास होतच नाही. त्यामुळे ‘थोडा वेळ बसू दे, सवय होईल’ हा सल्ला इथे उलटा पडतो. बसवून ठेवलेल्या मुलाचा ताण कमी होण्याऐवजी वाढत जातो.

तिसरी गोष्ट अनपेक्षितपणाची. तोच ताशा मुलाने स्वतः वाजवला तर चालतो, पण दुसऱ्याने अचानक वाजवला तर चालत नाही, असे पालक सांगतात ते खरे असते. आवाज केव्हा येणार आणि केव्हा थांबणार हे ठाऊक असले तर सोसण्याची ताकद वाढते. पुढच्या साऱ्या तयारीचा पाया हाच आहे.

एक घर, एक लग्न

उदाहरण म्हणून सात वर्षांचा एक मुलगा घेऊ. तो छोटी वाक्ये बोलतो, पाढे आणि आकडे त्याला आवडतात. मिक्सर, शिट्टी आणि फटाके यांचा त्याला त्रास होतो. लग्न आहे त्याच्या मावशीचे. म्हणजे आई दिवसभर नवरीबरोबर असणार, आजी-आजोबा कन्यादानात गुंतलेले आणि मामा अंतरपाटाच्या वेळी नवरीच्या मागे उभा. ज्या माणसांच्या आधाराने हा मुलगा एरवी गर्दीत वावरतो, ती सगळी त्या दिवशी नेमकी अडकलेली असतात. बहुतेक घरांतली फजिती इथूनच सुरू होते. ‘सगळेच आहेत की लक्ष द्यायला’ असे म्हटले जाते आणि प्रत्यक्षात कोणाचेच लक्ष नसते.

या घराने पहिला निर्णय घेतला तो माणसाचा. मुलाचे वडील, म्हणजे त्या घरचे जावई, मानपानासाठी पुढच्या रांगेत बसणार नाहीत. ते मुलाबरोबर असतील. त्यांना जेवायला किंवा स्वच्छतागृहात जायचे असेल तेव्हा महाविद्यालयात शिकणारा मामेभाऊ जबाबदारी घेईल आणि बदली होताना ‘आता तू’ असे तोंडाने सांगितले जाईल. आजोबांना जावयाचा मान राहिला नाही असे वाटू नये म्हणून त्यांच्याशी आठवडाभर आधीच बोलणे झाले.

दुसरा निर्णय दिवसातल्या कार्यक्रमांचा. हळद, सीमांतपूजन, मुहूर्त, पंगत, स्वागत समारंभ आणि वरात या सगळ्यांना मूल हजर हवेच असे नाही. या मुलासाठी दोन गोष्टी निवडल्या गेल्या. सकाळी दहा वाजता सभागृह रिकामे असताना मावशीबरोबर छायाचित्र, आणि दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा मुहूर्त. वरात आणि संध्याकाळचा कार्यक्रम पूर्ण वगळला. हळदीचा ओला, चिकट स्पर्श त्याला चालत नाही, म्हणून हळदीला त्याने दुरूनच पाहिले.

दहा दिवसांची तयारी

तयारी कपड्यांपासून सुरू झाली. झरीचा काठ, गळ्याशी ताठ पट्टी, आतल्या बाजूची शिवण आणि मानेवरचे लेबल यांचा हलका, सतत घासणारा स्पर्श अनेक स्वमग्न मुलांना घट्ट मिठीपेक्षा जास्त त्रासदायक वाटतो. या मुलासाठी सुती कुर्ता आणला, लेबल उसवून काढले आणि तीनदा धुऊन मऊ केला. आत त्याचा रोजचा बनियन ठेवला. लग्नाआधी चार संध्याकाळी अर्धा-अर्धा तास तो कुर्ता घालून घरात खेळू दिले. फेटा आणि नवे बूट रद्द झाले. पायात त्याच्या जुन्या चपला होत्या आणि त्यावरून कोणी काही बोलायचे नाही हे आजीने सर्वांना सांगून ठेवले होते.

मग कानांची तयारी. कारखान्यात किंवा रस्त्याच्या कामावर वापरतात तसे कान झाकणारे साधे आवाजरोधक मुलांच्या मापातही मिळतात. त्यांच्या वेष्टनावर बहुतेकदा वीस ते तीस डेसिबलच्या दरम्यानचा आकडा असतो. तो प्रयोगशाळेतला असतो. प्रत्यक्षात केस, चष्मा किंवा सैल बसणे यांमुळे फायदा त्यापेक्षा कमी मिळतो. तरीही फरक मोठा पडतो. नेहमीचे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते, तर बंद सभागृहातला ताशा सहज १०० पर्यंत जाऊ शकतो. कामाच्या ठिकाणी मोठ्या माणसांसाठी ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा मानतात आणि दर तीन डेसिबलला ती निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. तेव्हा या वेळी कान झाकणे हे कोणत्याही लहान मुलासाठी शहाणपणाचेच आहे.

महागडे इलेक्ट्रॉनिक आवाजरोधक हेडफोन जनरेटर किंवा वातानुकूलन यंत्रासारखी सततची घरघर चांगली कमी करतात, पण ताशाचा अचानक होणारा तडाखा ते त्या प्रमाणात अडवत नाहीत. त्यासाठी साधे जाड आवाजरोधकच बरे. ते लग्नाच्या दिवशी प्रथम घालू नयेत. कान दाबले गेल्याची जाणीवही काही मुलांना असह्य होते. या मुलाने मिक्सर लावताना रोज पाच मिनिटे ते घालून पाहिले. मात्र ते दिवसभर घालून ठेवायचे नाहीत. शांत जागीही कान झाकून ठेवले तर आवाजाबद्दलची संवेदनशीलता उलट वाढू शकते. गोंगाटात घालावेत आणि खोलीत आल्यावर काढावेत.

तिसरी तयारी गोष्टीची. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅरोल ग्रे या अमेरिकी शिक्षिकेने स्वमग्न मुलांसाठी ‘सोशल स्टोरी’ ही पद्धत मांडली. पुढे येणारा प्रसंग मुलाच्या नजरेतून, सोप्या, खऱ्या वाक्यांत आणि चित्रांत सांगायचा. या घराने आठ छायाचित्रांची पट्टी बनवली. गाडी, सभागृहाचे दार, मावशी नवरीच्या वेशात, आपली खोली, डबा, मंगलाष्टके, मोठा आवाज, परत घर. मोठ्या आवाजाच्या चित्राखाली लिहिले होते, ‘पाच मंगलाष्टके होतील. मग मोठा आवाज होईल. बाबा माझे कान झाकतील. आवाज थांबेल.’ ‘मी शहाण्यासारखा बसेन’ असे वाक्य त्यात मुद्दाम घातले नव्हते. गोष्ट माहिती देण्यासाठी असते, वचन घेण्यासाठी नाही. मंगलाष्टकांचे ध्वनिमुद्रणही रोज कमी आवाजात लावले जाई आणि मुलगा बोटांवर आकडे मोजे.

सभागृहात आधी एक फेरी

लग्नाच्या तीन दिवस आधी वडील मुलाला घेऊन रिकाम्या कार्यालयात गेले. वधूपक्षाला मिळणारी खोली उपयोगाची नव्हती, कारण तिथे नवरीची तयारी, बॅगा आणि बायकांची वर्दळ असणार होती. व्यवस्थापकाशी बोलून पहिल्या मजल्यावरची एक छोटी खोली मागून घेतली. ती जनरेटरपासून आणि स्वयंपाकघरापासून दूर होती, तिला आतून कडी होती आणि खिडकीला गज होते. तिथे एक चादर, त्याची नेहमीची उशी, पाण्याची बाटली आणि आवडते ठोकळे ठेवायचे ठरले. या खोलीत ‘जरा बॅग ठेवते’ म्हणून कोणी येणार नाही, ही गोष्ट सर्वात महत्त्वाची होती. म्हणून किल्ली वडिलांच्या खिशात राहिली.

बसण्याची जागा बाजूच्या दाराजवळची, रांगेच्या टोकाची निवडली. मोकळ्या मैदानात ध्वनिक्षेपकापासूनचे अंतर दुप्पट केले तर आवाज साधारण सहा डेसिबलने कमी होतो. बंद सभागृहात भिंतींवरून आवाज परततो, त्यामुळे मागे बसून तितका फायदा मिळत नाही. दाराबाहेर जाणे हाच खरा उपाय असतो. म्हणून जागा निवडताना व्यासपीठ किती जवळ यापेक्षा दार किती जवळ हे पाहावे.

प्रवेशद्वारावर अत्तर लावणाऱ्या आणि गुलाबपाणी शिंपडणाऱ्या मुलींना या मुलाला वगळायला सांगितले होते. स्वच्छतागृहात हात वाळवण्याचे यंत्र आहे का, हेही पाहून घेतले. त्याच्या अचानक होणाऱ्या आवाजाच्या भीतीने अनेक मुले दिवसभर लघवी रोखून धरतात. भूक, तहान, लघवीची जाणीव अशा आतल्या संवेदना ओळखणेही काही स्वमग्न मुलांना कठीण जाते. त्यामुळे दर दीड-दोन तासांनी आपणच न्यावे. पंगतीची वाटही पाहू नये. या मुलाने साडेअकरालाच खोलीत बसून घरून आणलेला दहीभात आणि पोळी खाल्ली.

ठरवलेले बिघडते तेव्हा

मुहूर्ताच्या दिवशी सकाळचे छायाचित्र छान निघाले. व्हिडिओचा प्रखर दिवा आणि फ्लॅश त्यावेळी बंद ठेवायला सांगितले होते. मंगलाष्टके सुरू झाली. मुलगा बोटे मोजत होता. पाचवे संपले आणि नवरदेवाच्या आत्याने माइक हातात घेऊन स्वतः रचलेले सहावे सुरू केले. लग्नांमध्ये हे नेहमीच होते, पण गुरुजींशी ठरवताना याचा विचार कोणी केला नव्हता.

मुलगा ‘पाच झाले, पाच झाले’ असे पुन्हा पुन्हा म्हणू लागला. मग टाचा उचलून उभा राहिला, हाताची बोटे तोंडात गेली आणि हाक मारली तरी तो वळून पाहीना. वडिलांनी ही लक्षणे ओळखली. पूर्ण कोलमडण्याआधीच्या काही मिनिटांत बहुतेक मुले असे काही संकेत देतात. तेच वाक्य परत परत म्हणणे, झुलणे किंवा हात फडफडवणे वाढणे, कान झाकणे, स्वतःशी गुणगुणणे, चेहरा लाल किंवा फिका पडणे, उत्तर देणे बंद होणे. प्रत्येक मुलाचे संकेत वेगळे असतात आणि ते पालकांना ठाऊक असतात. प्रश्न असतो तो ‘अजून दोनच मिनिटे’ हा मोह टाळण्याचा. वडिलांनी आवाजरोधक कानांवर बसवले, एक शब्दही न बोलता त्याला बाजूच्या दाराने बाहेर नेले. गजर झाला तेव्हा दोघे जिन्यात होते.

खोलीत गेल्यावर दिवा मंद केला, पंखा सुरू केला आणि वडील शेजारी गप्प बसून राहिले. काय झाले, का रडतोस, असे काही विचारले नाही. ताण चढलेला असताना बोलणे ही आणखी एक संवेदना असते. साधारण पंचवीस मिनिटांनी मुलाने ठोकळे ओढले. मग मावशी आणि नवे काका दोघेच वर आले. मुलाने हातातल्या अक्षता मोजून पाच-पाच अशा त्यांच्यावर टाकल्या. तिथून तो थेट आजोळी गेला.

यातून घराने एक बदल शिकून घेतला. खूण आकड्याला न बांधता दिसणाऱ्या गोष्टीला बांधावी. ‘अंतरपाट खाली आला की आवाज होईल’ हे सांगितले असते तर सहावेच काय, आठवे मंगलाष्टकही चालले असते. शिवाय ‘अजून एक’ असे लिहिलेले एक कार्ड खिशात असावे. वेळापत्रकात बदल होऊ शकतो, हेही वेळापत्रकातच शिकवता येते.

हट्ट की कोलमडणे?

नातेवाइकांना हा फरक कळला तर निम्मे प्रश्न सुटतात. हट्ट करणाऱ्या मुलाला काहीतरी हवे असते. ते कोणी पाहते आहे का याकडे त्याचे लक्ष असते आणि हवे ते मिळाले की रडणे थांबते. संवेदनांच्या ओझ्याने कोलमडलेल्या मुलाला कोण पाहते आहे याचे भान नसते. आइस्क्रीम देऊन किंवा दटावून ते थांबत नाही. आवाज, उजेड, माणसे कमी केल्यावरही सावरायला वेळ लागतो, कधी अर्धा तास, कधी त्याहून जास्त. काही मुले रडत नाहीत, एकदम गप्प आणि निश्चल होतात. ‘किती शहाणा बसलाय’ असे लोक म्हणतात, पण तोही कोलमडण्याचाच प्रकार असू शकतो.

अशा वेळी मुलाला धरून ठेवू नये. स्वतःला इजा करत असेल किंवा रस्त्याकडे धावत असेल तरच अडवावे. अचानक पळून जाणे हा खरा धोका आहे. कार्यालये बहुधा हमरस्त्याला लागून असतात, आवारात विहीर किंवा शोभेचे कारंजे असते. आधीच्या फेरीत ही ठिकाणे आणि मागची दारे पाहून ठेवावीत. मुलाच्या खिशात किंवा कुर्त्याच्या आतल्या बाजूला पालकांचा फोन क्रमांक असावा. सकाळीच त्या दिवशीच्या कपड्यांतले त्याचे छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवावे. शोधायची वेळ आली तर पाणी आणि रस्ता आधी पाहावेत.

औषधाबाबत दोन सूचना

‘शांत राहावा म्हणून’ सर्दीचे गुंगी आणणारे औषध देऊ नये. काही मुलांमध्ये त्याने झोप येण्याऐवजी उलट चिडचिड आणि अस्वस्थता वाढते, आणि मात्रा चुकली तर धोका असतो. चालू असलेली औषधे मात्र लग्नाच्या धावपळीत चुकवू नयेत. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये फेफऱ्याचे, म्हणजे अपस्माराचे प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असते. चुकलेली गोळी आणि जागरण ही जोडी झटक्याला आमंत्रण देते.

नेहमीपेक्षा मूल अचानक खूपच चिडचिडे झाले, कान किंवा गाल बडवू लागले, तर सगळे खापर गोंगाटावर फोडू नये. कानाचा संसर्ग, किडलेला दात, बद्धकोष्ठता यांचे दुखणे त्याला सांगता येत नसेल. अशा वेळी डॉक्टरांकडून तपासणी आधी करावी.

सर्वांना एकच माप नाही

वरचा मुलगा आवाजाला घाबरणारा होता. उलट काही स्वमग्न मुले ढोलाजवळ जाऊन त्यावर कान टेकवतात, गोल गोल फिरतात, गर्दीत घुसतात. त्यांना खोलीपेक्षा मोकळ्या जागेत पळण्याची, ढकलण्याची, काही जड उचलण्याची संधी लागते. कान त्यांचेही झाकावेतच, कारण आवाज आवडला तरी कानाची इजा टळत नाही. एकाच मुलात आवाजाची भीती आणि झोक्याची ओढ अशा दोन्ही गोष्टी असू शकतात. म्हणून दुसऱ्याच्या मुलाची यादी उचलू नये. मुलासोबत ऑक्युपेशनल थेरपिस्ट काम करत असेल तर लग्नाची पत्रिका हाती येताच त्यांच्याशी बोलावे.

शिवाय या बदलांनी ऑटिझम कमी होत नाही आणि आज दीड तास जमला म्हणून पुढच्या लग्नात तीन तास जमतीलच असेही नाही. गर्दीचा ताण कधी कधी दुसऱ्या दिवशी दिसतो. झोप बिघडते, खाणे कमी होते, छोट्या गोष्टीवर रडू येते. त्यामुळे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाची पूजा, पाहुणे किंवा लांबचा प्रवास मुलाच्या वाट्याला ठेवू नये. या मुलाच्या घरी दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि जेवायला पुन्हा दहीभातच होता.